बिलानंतरची ओळ : कार्ड मशीनवरच्या टिपचा इतिहास

१/ हॉटेलचे छापील बिल १,९३२ रुपयांचे. ग्राहकाच्या कार्डावरून गेले २,१०० रुपये. मधले १६८ रुपये ही ग्राहकाने वेटरला राजीखुशीने दिलेली टिप. पण ती वेटरच्या हातात पडलीच नाही. ती जमा झाली मालकाच्या बँक खात्यात. मग हे पैसे नेमके कोणाचे? या साध्या प्रश्नाने लंडन आणि दिल्लीतली न्यायालये गाठली आहेत. बिल छापून झाल्यावर कार्डावर चढणाऱ्या या एका ओळीचा इतिहास आजच्या धाग्यात पाहू.

२/ रोख बक्षिसीच्या बाबतीत हा प्रश्न पडत नाही. बडीशेपेच्या बशीत ठेवलेली नोट हा दोनच माणसांतला व्यवहार असतो. त्यात मालक नसतो, बँक नसते आणि बिलावर तिची नोंदही नसते. नोट उचलली त्या क्षणी ती वेटरची झाली. कार्ड आले तेव्हा मात्र या दोघांच्या मध्ये आणखी तीन पक्ष येऊन उभे राहिले : हॉटेलमालक, त्याची बँक आणि ग्राहकाची बँक. बक्षिसीला आता यांच्या हातांतून प्रवास करावा लागणार होता.

३/ मुळात कार्डाचा जन्मच हॉटेलच्या टेबलावर झाला, असे म्हणायला हरकत नाही. १९५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेला डायनर्स क्लब नावाप्रमाणेच जेवणाऱ्यांसाठी होता. जेवण आज घ्यायचे, सही करायची आणि पैसे महिनाअखेर क्लबला द्यायचे. भारतात डायनर्स क्लब १९६१ मध्ये आला. भारतीय बँकेचे पहिले क्रेडिट कार्ड १९८० मध्ये, मुंबईत मुख्यालय असलेल्या सेंट्रल बँकेने काढले. खिशात रोकड बाळगायची नाही हेच कार्डाचे आकर्षण असल्यामुळे बक्षिसीपुरती चिल्लर कोण बाळगणार? म्हणून तीही कार्डावरच जाऊ लागली.

४/ त्या काळी मशीन म्हणजे एक साधे दाबयंत्र होते. कार्डावरची अक्षरे उठावाची असत. कार्ड खाली, त्यावर कार्बन लावलेली तीन प्रतींची पावती आणि वरून सरकवायचा रूळ. खट्-खट् असा आवाज झाला की कार्डाचा क्रमांक तिन्ही प्रतींवर उमटे. रक्कम मोठी असेल तर कॅशियर बँकेला फोन करून मंजुरीचा क्रमांक घेई आणि तो पावतीवर लिही.

५/ हॉटेलांच्या या पावतीवर रकमेच्या तीन ओळी असत. पहिली बिलाची, दुसरी टिपची, तिसरी एकूण. पहिली ओळ कॅशियर भरी. उरलेल्या दोन ग्राहक स्वतःच्या हाताने भरून खाली सही करी. पुढे महत्त्वाची ठरणार असल्याने एक गोष्ट इथेच ध्यानात ठेवू : बक्षिसी बिलानंतर दिलेली असली तरी ती वेगळ्या ओळीत, ग्राहकाच्या हस्ताक्षरात आणि सहीच्या वर लिहिलेली असे. वेटरचे पैसे किती, याचा लेखी पुरावा प्रत्येक पावतीवर होता.

६/ १९८०च्या दशकात काउंटरवर इलेक्ट्रॉनिक मशीन आले आणि कागदावरचा व्यवहार दोन संदेशांत विभागला गेला. पहिला संदेश मंजुरीचा : ‘या कार्डावर इतके पैसे आहेत का?’ बँक ‘हो’ म्हणते आणि तेवढी रक्कम अडवून ठेवते. दुसरा संदेश वसुलीचा : ‘आता अमुक रक्कम प्रत्यक्ष द्या.’ हा दुसरा संदेश बहुधा रात्री, दिवसभराचे सगळे व्यवहार एकत्र करून जातो. दोहोंच्या मध्ये काही तासांची फट राहते.

७/ अमेरिकेतल्या हॉटेलांनी बक्षिसी याच फटीत बसवली. वेटर कार्ड घेऊन जातो, केवळ बिलाच्या रकमेची मंजुरी घेतो आणि पावती आणून देतो. ग्राहक टिपची ओळ भरतो, सही करतो आणि निघून जातो. रात्री वेटर किंवा कॅशियर एकेक पावती काढून मशीनवर `TIP ADJUST` हा पर्याय निवडतो, व्यवहाराचा क्रमांक टाकतो आणि टिप चढवतो. वसुलीचा संदेश जातो तो या वाढीव रकमेचा. मंजुरी ५० डॉलरची आणि वसुली ६० डॉलरची, हे चालावे म्हणून कार्ड कंपन्यांनी हॉटेलांना मंजुरीपेक्षा सुमारे २० टक्क्यांपर्यंत जास्त रक्कम वसूल करण्याची मुभा दिली.

८/ या रीतीची दुखरी बाजू उघड आहे. अंतिम आकडा मशीनमध्ये भरला जातो तेव्हा ग्राहक घरी पोहोचलेला असतो. पावतीवरच्या १ चा ७ वाचला गेला, किंवा कोणी मुद्दाम तसा केला, तरी त्या क्षणी अडवणारे कोणी नाही. ग्राहकाला ते कळते ते आठवडा-दोन आठवड्यांनी, खात्याचा उतारा पाहताना. तेही त्याने स्वतःची प्रत जपून ठेवली असेल तरच. सारी व्यवस्था सहीवर आणि विश्वासावर उभी आहे.

९/ भारताची वाट इथे वेगळी झाली. कार्डांच्या वाढत्या गैरवापरामुळे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०११ मध्ये दुकानातल्या कार्ड-व्यवहारांसाठी सुरक्षेचे आदेश काढले. त्यांनुसार डेबिट कार्डाला दुकानातही पिन सक्तीचा झाला. मुदतवाढीनंतर १ डिसेंबर २०१३ पासून ही सक्ती प्रत्यक्षात आली. पुढे नवी कार्डे चिप आणि पिनचीच काढण्याचा नियम आला आणि जुनी चुंबकीय पट्टीची कार्डे बदलण्यासाठी २०१८ अखेरची मुदत देण्यात आली.

१०/ पिन आल्यावर सहीची जागा बदलली. सही करताना आधी आकडा लिहिला काय किंवा नंतर लिहिला काय, कागदाला फरक पडत नाही. पिनचे तसे नाही. पडद्यावर रक्कम दिसते, ती पाहून ग्राहक पिन दाबतो आणि कार्डातली चिप त्या व्यवहाराचा एक सांकेतिक दाखला तयार करते. या दाखल्यात रक्कमही गुंफलेली असते. म्हणजे ग्राहकाची संमती विशिष्ट आकड्यालाच मिळते. नंतर तो आकडा वाढवणे म्हणजे संमती दिलेल्या कागदावर मागाहून शाई फिरवण्यासारखे झाले.

११/ परिणामी आपल्याकडे बक्षिसीची वेळ सरकली. ती आजही बिल छापल्यानंतरच येते, पण पिनच्या आधी. ज्या मशीनवर टिपची सोय चालू केलेली असते, तिथे क्रम असा असतो : कॅशियर बिलाची रक्कम टाकतो, मशीन टिपची रक्कम विचारते, मग एकूण दाखवते आणि मगच पिन मागते. छापून आलेल्या पावतीवर `BASE`, `TIP`, `TOTAL` अशा किंवा तत्सम तीन ओळी असतात. दाबयंत्राच्या काळातल्याच त्या तीन ओळी. फक्त हस्ताक्षर गेले.

१२/ आता ताथवड्यात येऊ. मुंबई–बंगळुरू महामार्गालगतचे हे गाव २००९ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. एका बाजूला हिंजवडीचे आयटी पार्क, दुसऱ्या बाजूला महाविद्यालये आणि उंच गृहसंकुले. पगार थेट खात्यात जमा होणारा आणि खिशात कार्ड असणारा ग्राहक इथल्या हॉटेलांना शेजारीच मिळाला. मात्र अशा मध्यम हॉटेलांत बहुधा दोन यंत्रे असतात आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत. बिल छापणारा संगणक वेगळा आणि बँकेने दिलेले कार्ड मशीन वेगळे. एकातला आकडा दुसऱ्यात माणूस हाताने टाकतो.

१३/ आरंभीचे उदाहरण अशाच हॉटेलात मांडून पाहू. जेवण १,८४० रुपयांचे. त्यावर अडीच-अडीच टक्क्यांचे दोन जीएसटी, म्हणजे ४६ आणि ४६. बिल १,९३२. ते छापून टेबलावर आले. ग्राहक म्हणतो, ‘एकवीसशे करा, बाकीचे तुमचे.’ वेटर मशीन घेऊन येतो. इथून पुढे दोन वाटा फुटतात.

१४/ पहिली वाट : वेटर १,९३२ टाकतो, टिपच्या प्रश्नाला १६८ असे उत्तर देतो, मशीन २,१०० दाखवते, ग्राहक पिन दाबतो. दुसरी वाट : टिपची सोय चालू नसते, किंवा गर्दीत तेवढा वेळ नसतो, म्हणून वेटर सरळ २,१०० टाकतो. ग्राहकाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, खात्यातून तेवढेच पैसे गेले. पण दुसऱ्या वाटेने गेलेल्या व्यवहारात १६८ हा आकडा कुठेच उरत नाही. बिलावर तो नाही, पावतीवर नाही, बँकेच्या नोंदीतही नाही. तो उरतो दोघा-तिघांच्या आठवणीत.

१५/ रात्री गल्ला मिटवताना याचे मोल कळते. संगणकाचा अहवाल सांगतो की कार्डावरची विक्री इतकी. मशीनचा अहवाल त्याहून मोठा आकडा दाखवतो. तीन ओळींची पावती असेल तर `TIP` या ओळींची बेरीज केली की फरक जुळतो आणि तेवढी रोकड गल्ल्यातून काढून वेटरना वाटता येते. सरसकट आकडे टाकलेले असतील तर कॅशियरला प्रत्येक पावतीशेजारी तिचे बिल ठेवून वजाबाकी करावी लागते. एखादी जोडी सापडली नाही की तेवढी रक्कम ‘जास्तीचे जमा’ म्हणून खात्यातच पडून राहते. कोणी चोरी केली नाही. तरीही वेटरचे पैसे गेले.

१६/ काही ठिकाणी हिशेब जुळवण्याची घाई याहून महागात पडते. फरक दिसू नये म्हणून बिलात १६८ रुपयांचा ‘इतर’ पदार्थ चढवला जातो. आता बिल आणि मशीन जुळले, पण बक्षिसीचे रूपांतर विक्रीत झाले. तिच्यावर जीएसटी लागला आणि कागदोपत्री तिच्यावरचा वेटरचा हक्कही पुसला गेला.

१७/ आणखी एक छोटी गळती आहे. कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर हॉटेलची बँक शुल्क कापते आणि ते एकूण रकमेवर कापले जाते. समजा क्रेडिट कार्डावर हे शुल्क २ टक्के आहे. मग १६८ रुपयांमागे ३ रुपये ३६ पैसे आणि त्यावरचा कर, म्हणजे जवळपास ४ रुपये गेले. हे ४ रुपये मालकाने सोसायचे की वेटरने? बशीतल्या नोटेवर असा कर कधी नव्हता. रक्कम क्षुल्लक दिसते, पण मालकाने ‘कार्डावर टिप नको’ म्हणायला एवढे कारण पुरते.

१८/ आता मूळ प्रश्न : खात्यात जमा झालेली बक्षिसी कायद्याने कोणाची? लंडनमधल्या एका इटालियन हॉटेलच्या वेटरनी हा प्रश्न न्यायालयात नेला. ‘नेर्वा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात अपील न्यायालयाने १९९६ मध्ये निर्णय दिला : रोख बक्षिसी वेटरची, पण धनादेशाने किंवा कार्डाने दिलेली बक्षिसी मालकाची मालमत्ता होते. ती वेटरला दिली की तो पगारच ठरतो आणि किमान वेतनाच्या हिशेबात धरता येतो. २००२ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयातही वेटर हरले. एकच बक्षिसी, नोटेने दिली तर वेटरची, कार्डाने दिली तर मालकाची!

१९/ भारतात हाच प्रश्न आला तो उलट्या दाराने. आयकर खात्याने आयटीसी कंपनीच्या हॉटेलांकडे विचारणा केली : कार्डावर जमा झालेली टिप तुम्ही कर्मचाऱ्यांना वाटता, तर तो पगार झाला, मग त्यावर मुळातून कर का कापला नाही? २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खात्याच्या बाजूने कौल दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २६ एप्रिल २०१६ रोजी न्या. कुरियन जोसेफ व न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने तो कौल फिरवला.

२०/ न्यायालयाच्या तर्काचा गाभा असा : बक्षिसी देतो ग्राहक, मालक नव्हे. ती नोकरीच्या करारातून येत नाही. कार्डामुळे ती मालकाच्या खात्यातून जाते खरी, पण तेथे मालकाची भूमिका विश्वस्ताची असते. ज्याचे त्याला पोहोचवणे एवढेच त्याचे काम. म्हणून ही रक्कम पगार नाही आणि मालकावर मुळातून कर कापण्याची जबाबदारी नाही. वेटरच्या हाती ते ‘इतर उत्पन्न’ ठरते. लंडनच्या निकालाचीही चर्चा झाली, पण तो मार्ग आपल्या न्यायालयाने स्वीकारला नाही.

२१/ हा निकाल वेटरच्या बाजूचा वाटतो आणि बऱ्याच अंशी आहेही. पण त्याची दुसरी धार पाहायला हवी. बक्षिसी पगार नाही, याचा अर्थ नोकरीच्या करारानुसार ती मालकाकडे मागण्याचा ठाम अधिकार वेटरकडे नाही. त्याच्या बाजूला उरते ती मालकाची विश्वस्त ही भूमिका. आणि विश्वस्ताकडे पैसे मागायचे तर ठेव किती होती, हे सांगता आले पाहिजे. म्हणजे फिरून आपण त्या ओळीपाशीच येतो. `TIP` ची ओळ छापलेली असेल तर ठेवीचा आकडा आहे. सरसकट २,१०० टाकले असतील तर विश्वस्त आहे, पण ठेवीची नोंदच नाही.

२२/ इंग्लंडने पुढे कायदाच बदलला. २०२३ चा बक्षिसी-वाटपाचा कायदा १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. त्यानुसार मालकाच्या हाती आलेली टिप, मग ती कार्डाची का असेना, पूर्णच्या पूर्ण कर्मचाऱ्यांना देणे आणि तिच्या नोंदी ठेवणे बंधनकारक आहे. कार्डाच्या शुल्कापोटीही तिला कात्री लावता येत नाही. सतराव्या मुद्द्यातल्या ४ रुपयांचा प्रश्न तिथे असा सुटला.

२३/ या सगळ्यात ‘सर्व्हिस चार्ज’ची गल्लत करू नये. तो बिल छापण्यापूर्वीच मालक लावतो, बिलावर छापतो आणि त्यावर जीएसटीही आकारला जातो. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो बिलात आपोआप लावण्यास मनाई केली आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्गदर्शक तत्त्वे उचलून धरली. ओळखण्याची खूण सोपी आहे : छापील बिलात आहे तो मालकाचा आकार, बिल छापल्यानंतर तुम्ही स्वतःहून वाढवली ती बक्षिसी.

२४/ मग तुमची बक्षिसी पोहोचली की नाही, हे कसे ओळखायचे? पावतीकडे पाहा. तिथे बिल, टिप आणि एकूण अशा तीन ओळी असतील तर मशीनने तुमचा हेतू नोंदवला आहे. एकच आकडा असेल तर नाही. अशा वेळी दोन उपाय आहेत. पिन दाबण्याआधी टिपची रक्कम वेगळी टाकायला सांगणे, किंवा बिलापुरतेच कार्ड वापरून बक्षिसी हातात देणे. आणि पिन दाबण्यापूर्वी पडद्यावरचा एकूण आकडा वाचावा. अमेरिकी ग्राहकाला अंतिम आकडा मागाहून कळतो. आपल्याला तो आधी दिसतो, पण पाहिला तरच.

२५/ २०१६ नंतर यूपीआय आले आणि इतिहासाने एक वळसा पूर्ण केला. बिलावर छापलेल्या क्यूआरमध्ये बहुधा रक्कम आधीच भरलेली असते. तिथे टिपची ओळच नाही. म्हणून ग्राहक बिल मालकाला देतो आणि बक्षिसी वेटरच्या स्वतःच्या मोबाईल नंबरवर पाठवतो. विश्वस्त नको, रात्रीची वजाबाकी नको, शुल्काची कात्री नको. पंचावन्न-साठ वर्षे मालकाच्या खात्यातून फिरून आलेली बक्षिसी पुन्हा दोनच माणसांतला व्यवहार झाली. बडीशेपेची बशी तेवढी आता पडद्यावर आली आहे.

(धागा समाप्त)